तळपायावरचा तीळ आणि फोनमधले नऊशे फोटो: एक प्रकरण अभ्यास

विनायकराव हे सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब सांभाळणारे ४१ वर्षांचे गृहस्थ. नाव बदललेले आहे, आणि ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशीलही बदलले आहेत. मिरजेतील एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्यांना माझ्याकडे मानसोपचारासाठी पाठवले. डाव्या तळपायावर एक निरुपद्रवी तीळ आहे, तो वर्षभरात तीन डॉक्टरांनी तपासला आहे, तरी रुग्णाचे समाधान होत नाही, एवढाच मजकूर चिठ्ठीत होता. विनायकरावांनी बसताच फोन पुढे केला. त्यात ‘पाय’ नावाचा वेगळा अल्बम होता, आणि त्यात त्या एकाच तिळाचे नऊशेहून अधिक फोटो होते.

अशा रुग्णाला पाहून पहिला मोह होतो तो ‘याला उगाचच भीती वाटते’ असे म्हणून मोकळे होण्याचा. या प्रकरणात ते चुकीचे ठरले असते, कारण भीतीला आधार होता. त्यांच्या मामांच्या टाचेवर एक काळपट, जाडसर डाग होता. तो कुरूप समजून वर्षभर ब्लेडने खरवडला गेला, त्यावर कुरूपाच्या पट्ट्या लावल्या गेल्या, आणि अखेर बायोप्सी झाली तेव्हा तो मेलॅनोमा निघाला. तोवर आजार जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता. भारतीयांमध्ये मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग विरळ आहे, पण सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसांना तो होतो तेव्हा बहुतेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखालची जागा गाठतो. तिथे तो उन्हामुळे होत नाही, आणि तळपाय कोणी रोज निरखत नसल्यामुळे उशिरा ध्यानात येतो. तेव्हा मामांचा आजार पाहिलेल्या भाच्याने स्वतःच्या तळपायावरचा तीळ डॉक्टरांना दाखवला, हे शहाणपणाचेच होते.

पहिल्या डॉक्टरांनी तीळ नुसत्या डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाले, “साधा तीळ दिसतोय, पण लक्ष ठेवा.” माझ्या मते या प्रकरणातला बराचसा गुंता या दोन शब्दांतून वाढला. लक्ष ठेवायचे म्हणजे किती दिवसांनी पाहायचे, कशाने पाहायचे, काय दिसले तर यायचे आणि काय दिसले तरी घाबरायचे नाही, यातले काहीही सांगितले गेले नाही. निश्चिंत स्वभावाचा माणूस असा सल्ला विसरून जातो. चिंता करणारा माणूस त्यातली प्रत्येक मोकळी जागा स्वतः भरतो, आणि ती नेहमी ‘अजून एकदा पाहावे’ अशीच भरतो. विनायकरावांनी त्या संध्याकाळी पहिला फोटो काढला. सुरुवातीला आठवड्याला एक, मग रोज रात्री एक, आणि माझ्याकडे आले त्या सुमारास दिवसाला सहा-सात. शिवाय फोटो काढला की तो मागच्या फोटोशेजारी ठेवून, बोटांनी मोठा करून, कडा जुळवत बसणे हा वेगळाच कार्यक्रम होता. त्यात अर्धा-पाऊण तास सहज जाई.

तीळ खरोखर कसा होता, हे आधी सांगायला हवे, कारण वैद्यकीय प्रश्नाचा निकाल लागल्याशिवाय मानसोपचाराला हात घालणे योग्य नव्हे. मिरजेच्या डॉक्टरांनी तो डर्मोस्कोपखाली पाहिला होता. हे हातात धरायचे भिंग असते; त्यात प्रकाशाची सोय असल्यामुळे त्वचेच्या वरच्या थराखालचा रंगही दिसतो. तळपायाची कातडी या भिंगाखाली ऊस लावलेल्या रानासारखी दिसते, सरी आणि वरंबा, सरी आणि वरंबा. तिळाचा काळा-तपकिरी रंग सऱ्यांमधून समांतर रेघांनी गेलेला असेल तर तो सहसा निरुपद्रवी असतो. तोच रंग वरंब्यांवर पसरलेला असेल तर संशय घ्यावा लागतो आणि तुकडा काढून तपासावा लागतो. विनायकरावांच्या तिळाचा रंग स्वच्छपणे सऱ्यांमध्ये होता आणि त्याची रुंदी ४ मिलिमीटर होती. तळपायावरच्या तिळाचा नमुना असा स्पष्ट निरुपद्रवी नसेल आणि रुंदी ७ मिलिमीटरच्या पुढे असेल, तर बायोप्सी करावी, असा एक प्रचलित संकेत आहे. विनायकरावांच्या बाबतीत यातले काहीच लागू नव्हते.

मग फोटोंमध्ये त्यांना रोज बदल का दिसत होता? ते खोटे बोलत नव्हते. फोटो खरोखरच वेगवेगळे होते. फोन फार जवळ नेला की बऱ्याच मॉडेलांमध्ये कॅमेरा आपोआप दुसऱ्या भिंगावर जातो आणि कडेचा आकार ताणला जातो. ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्याखाली फोन रंगाचा समतोल आपल्या मनाने ठरवतो, कडा आपल्या मनाने तीक्ष्ण करतो. पाय ओढून वर घेतला की तळव्याची कातडी ताणली जाते आणि गोल ठिपका लांबट होतो. हे सारे कुठल्याही रुग्णाच्या बाबतीत खरे आहे, पण इथे आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगलीची होती. दुकानात गादीवर बसताना चपला काढाव्या लागतात, आणि सौद्यांच्या दिवसांत जमिनीवर हळदीची पूड असतेच. तळव्याच्या बारीक रेघांत ती बसते. घरी येऊन साबणाने पाय धुतले की हळदीचा पिवळा रंग साबणातल्या क्षारामुळे तांबूस होतो. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. विनायकराव पाय धुऊन लगेच फोटो काढत आणि तिळाभोवती ‘लालसर कडा’ पाहून हादरत. त्या लालसर कडेचे फोटो अल्बममध्ये बहुतेक सौद्यांच्या दिवसांचेच होते, ही गोष्ट आम्ही तारखा पाहून एकत्रच शोधली. मला हे सांगता आले असते, पण त्यांनी ते स्वतः शोधणे महत्त्वाचे होते.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. तीळ नीट दिसावा म्हणून ते नखाने त्यावरची सुकी कातडी काढत आणि प्लॅस्टिकच्या पट्टीची कड दाबून मोजत. त्यामुळे एकदा तिथे खपली धरली, एकदा थोडे रक्त आले. रक्त येणे हे डॉक्टरांना सांगण्यासारखे लक्षण आहे, आणि ते तपासणीमुळेच निर्माण झाले होते. काळजीपूर्वक पाहणे आणि चिंतेने पाहणे यांतला फरक रुग्णाला समजावताना मला या घटनेचा फार उपयोग झाला. ज्या पाहण्याने पाहिलेली गोष्टच बदलते, त्या पाहण्यातून त्या गोष्टीबद्दल विश्वासार्ह माहिती मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. देखरेख कोणती आणि आरोग्यचिंता कोणती, हे फोटोंच्या संख्येवरून ठरत नाही, निदान केवळ तिच्यावरून नाही. अंगभर तीळ असलेल्या, पूर्वी मेलॅनोमा होऊन गेलेल्या रुग्णाला दर महिन्याला सारे अंग तपासायला सांगतात, आणि त्याने ते निष्ठेने केले तर त्याला कोणी चिंतातुर म्हणणार नाही. फरक पाहण्याच्या रचनेत असतो. देखरेखीला तारीख असते. ती तारीख तिळाच्या गतीवरून ठरते, मनाच्या अस्वस्थतेवरून नाही. देखरेखीत आधीच ठरलेले असते की काय दिसले तर काय करायचे, आणि तसे काही दिसले नाही तर पाहणे तिथे संपते. चिंतेत पाहण्याची वेळ छातीतली धडधड ठरवते, आणि पाहणे संपते ते उत्तर मिळाल्यामुळे नव्हे, तर जीव थोडा वेळ खाली पडल्यामुळे. म्हणून मी विनायकरावांना पहिल्याच भेटीत विचारले, “या नऊशे फोटोंपैकी कुठल्या फोटोनंतर तुम्ही ठरवले की आता डॉक्टरांकडे जायचे, किंवा आता जायची गरज नाही?” ते बराच वेळ विचार करत राहिले. तिन्ही वेळा ते डॉक्टरांकडे गेले होते ते झोप लागेना म्हणून. कुठल्याही फोटोमुळे नव्हे.

यात एक साधी व्यावहारिक गोष्टही आहे. बदल हळूहळू होणारा असेल तर रोजचा फोटो महिन्यांच्या अंतराने काढलेल्या फोटोपेक्षा कमी उपयोगी पडतो, कारण एका दिवसात खरा बदल नगण्य असतो आणि उजेड, कोन, ओलावा यांनी पडणारा फरक त्याच्या कितीतरी पट असतो. डॉक्टर संशयास्पद तिळाचा डर्मोस्कोपखालचा फोटो सहसा तीन महिन्यांनी पुन्हा काढतात, ते याच कारणाने.

मी त्यांना आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली. फोटो काढावासा वाटला ती वेळ, त्याआधी काय घडले, त्या क्षणी चिंता शंभरापैकी किती, फोटोनंतर किती, आणि ती पुन्हा पूर्वीइतकी कधी झाली, एवढेच लिहायचे होते. फोटोनंतर चिंता ऐंशीवरून चाळिसापर्यंत उतरत होती, म्हणजे उपाय लागू पडत होता. पण तासाभराच्या आत ती पुन्हा सत्तरीच्या घरात पोहोचत होती. पत्नीला विचारल्यावर मिळणारा दिलासा जरा जास्त टिकत असे, आणि पुण्यात एमबीबीएस करणाऱ्या पुतण्याचा व्हॉट्सॲपवरचा ‘काका, नॉर्मल आहे’ हा निरोप सर्वांत कमी. कारण निरोप येताच ‘त्याने फोटो नीट मोठा करून पाहिला का’ ही नवी शंका उभी राहत असे. दिलासा हे या विकाराचे इंधन आहे, असे पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या आकड्यांत पाहणे वेगळे.

वारंवार तपासल्याने खात्री वाढण्याऐवजी घटते, याचा एक प्रयोग २००३ साली दोन डच संशोधकांनी प्रसिद्ध केला होता. लोकांना संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची बटणे पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटची तपासणी त्यांना बरोबर आठवत होती, पण त्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा उडाला होता आणि ती पुसट झाल्यासारखी वाटत होती. विनायकरावांना हे लगेच पटले. “तीळ कसा आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं,” ते म्हणाले, “पण आपण सांगतोय ते खरं आहे का, हेच कळत नाही.”

पुढच्या भेटीत आम्ही एक प्रयोग केला. दवाखान्यातच, अर्ध्या तासात, मी त्यांच्या तिळाचे दहा फोटो काढले: खिडकीजवळ, ट्यूबलाइटखाली, फ्लॅश मारून, पाय सैल सोडून, ताणून, ओल्या कापडाने पुसून. ते छापून, क्रम बिघडवून त्यांच्यापुढे ठेवले आणि सांगितले, “हे दोन महिन्यांतले समजा, आणि जुन्यापासून नव्यापर्यंत लावून दाखवा.” त्यांनी ते फारशा अडचणीशिवाय लावले. तीळ त्या रांगेत व्यवस्थित वाढत गेलेला, काळवंडत गेलेला दिसत होता. सगळे त्याच दुपारचे आहेत हे त्यांना ठाऊक होते. तरीही ती रांग पाहताना त्यांच्या तळहातांना घाम आला. या एका अर्ध्या तासाने जे काम केले ते माझ्या तासभराच्या समजावण्याने झाले नसते.

यानंतर त्वचारोगतज्ज्ञ बाई, विनायकराव, त्यांच्या पत्नी आणि मी, असे चौघे बसून एक कागद तयार केला. त्यावर तिळाची जागा, रुंदी, डर्मोस्कोपखालचा नमुना आणि दवाखान्यात मोजपट्टीसह काढलेला एक फोटो होता. निव्वळ तिळाकडे पाहता पुन्हा बोलावण्याची तशी गरजही नव्हती; पण मामांचा इतिहास आणि आजवरचा गोंधळ लक्षात घेऊन डॉक्टरांनी सहा महिन्यांनी एक तपासणी ठेवली. मधल्या काळात लवकर यायची कारणे तीनच: दुखापत नसताना रक्त येणे, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, आणि मुद्दाम न शोधता, चालता-बसता नजरेत भरेल इतका बदल. शेवटचे कारण लिहिताना चर्चा लांबली, कारण चिंतेचा माणूस ‘नजरेत भरेल’ या शब्दांत वाटेल तेवढी जागा शोधू शकतो. तेव्हा पत्नीला तो बदल सहज, न विचारता दिसायला हवा, अशी अट घातली गेली.

पत्नीसमोरची अडचण मात्र वेगळीच होती. “अहो, काही नाहीये तिथे,” हे वाक्य त्या रोज पाच-सहा वेळा म्हणत होत्या, आणि न म्हटले तर नवऱ्याचा चेहरा उतरतो हे त्यांना बघवत नव्हते. एकदम गप्प बसायला सांगणे हे त्यांच्यावर आणि त्यांच्या नवऱ्यावर निर्दयपणा करण्यासारखे झाले असते. म्हणून विनायकरावांनीच त्यांना एक वाक्य सुचवले: “तुम्हाला काळजी वाटतेय ते दिसतंय मला, कागदावर आहे ते आहे. चला, चहा ठेवते.” त्यात तिळाबद्दल एकही शब्द नव्हता, पण माणसाला झिडकारलेही नव्हते. पुतण्यालाही हेच कळवले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की आपण अनेकदा फोटो उघडून न बघताच ‘नॉर्मल’ लिहीत होतो. विनायकरावांची शंका त्या बाबतीत खरी होती.

जुने फोटो काढून टाकायचे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. सगळे एका झटक्यात पुसणे हादेखील एक विधी होऊ शकतो, ज्यानंतर माणूस नव्याने पहिला फोटो काढतो. आम्ही ते काही आठवडे तसेच ठेवले आणि फक्त नवे फोटो थांबवले. आधी इच्छा झाल्यापासून पंधरा मिनिटे थांबायचे, मग तासभर, मग दुसऱ्या सकाळपर्यंत. लाट चढते, टिकते आणि फोटो न काढताही उतरते, हे वहीत दिसू लागले. त्यानंतर त्यांनी अल्बम पुसला, आणि दुसऱ्याच रात्री फोनच्या ट्रॅशमधून परत आणला. हे त्यांनी लपवले नाही, हे मला महत्त्वाचे वाटले. दुसऱ्यांदा पुसताना ट्रॅशही रिकामी केली.

या टप्प्यावर इतर शक्यता तपासून झाल्या होत्या, त्यांची थोडक्यात नोंद करतो. तीळ कुरूप दिसतो ही तक्रार नव्हती, त्यामुळे रूपाविषयीचा विकार नव्हता. आपली भीती अवाजवी असू शकते हे त्यांना शांत असताना मान्य होते, त्यामुळे तो पक्का भ्रमही नव्हता. झोप आणि भूक बिघडली होती, पण नैराश्य उपचार लागावेत इतके नव्हते. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली, कामात आणि घरात अडथळा आणणारी आरोग्यचिंता, हे निदान बसत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात तिचा समावेश मंत्रचळ आणि त्यासारख्या विकारांच्या गटात केला आहे, आणि या प्रकरणात ते योग्यच वाटते. औषधांचा पर्याय मानसोपचारतज्ज्ञांमार्फत दिला होता. विनायकरावांनी तो सध्या नको म्हटले.

चौथ्या महिन्यात खरी परीक्षा झाली. शेतातून परतताना त्याच पायात काटा मोडला, तिळापासून बोटभर अंतरावर, आणि रक्त आले. विनायकरावांचा फोन आला: “सर, रक्त आलंय. येऊ का?” ‘काही नाही’ असे म्हणणे हा दिलासा झाला असता आणि ‘या’ म्हणणे हाही. मी विचारले, “कागदावर काय लिहिलंय?” त्यांनी वाचले: दुखापत नसताना रक्त, आणि तीन आठवडे न भरणारी जखम. “मग?” “मग दुखापत आहे. तीन आठवडे थांबतो.” जखम आठवड्यात भरली. ते थांबले नसते आणि दाखवायला गेले असते तरी काही बिघडले नसते. फक्त तो निर्णय कागदावरून व्हायला हवा होता, आणि तो झाला.

सहा महिन्यांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी वेळ रद्द करावी का, असे विचारले. आता चिंता नाही, मग उगाच जुने का उकरायचे, असे त्यांचे म्हणणे होते. इथे दुसऱ्या बाजूचा धोका होता. न पाहणे हाही चिंतेचाच एक चेहरा असतो. अनेक रुग्ण वर्षभर रोज पाहतात आणि नंतर भीतीने तपासणीच टाळतात. ठरलेली तपासणी ही बरे वाटले म्हणून टाळायची नाही आणि वाईट वाटले म्हणून आधी करायची नाही, यावर आम्ही ठाम राहिलो. ते गेले. तीळ ४ मिलिमीटरचाच होता, रंग सऱ्यांमध्येच होता, आणि डॉक्टरांनी पुढची तारीख वर्षाने दिली.

त्या भेटीच्या शेवटी त्यांनी विचारले, की सातवीतल्या मुलीच्या पाठीवर एक तीळ आहे, तर तिच्यासाठीही असाच कागद करता येईल का. चिंता एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसते, हे या विकारात नेहमी घडते, आणि इथे ती लेकरावर बसू पाहत होती. डॉक्टरांनी मुलीला एकदा, आईसोबत, नेहमीच्या वेळेत तपासले. तीळ साधा होता. तिच्यासाठी कागद केला नाही, फोटो काढला नाही आणि पुढची तारीखही दिली नाही. विनायकरावांच्या वहीत मात्र एक नवा रकाना आला: मुलीची पाठ पाहावीशी वाटली ती वेळ. तेवढ्यावर आमच्या भेटी महिन्याला एक अशा सुरू आहेत.